आपले परिसंवाद सभागृह : आरक्षणाचे नियम आणि त्यांमागचा हिशेब

संस्थेच्या पहिल्या मजल्यावरील परिसंवाद सभागृह सभासदांना आणि शहरातील इतर संस्थांना कार्यक्रमांसाठी दिले जाते. पुस्तक प्रकाशन, व्याख्यान, कार्यशाळा, सत्कार, छोटी संगीत मैफल, शोकसभा असे कार्यक्रम तिथे वर्षभर होत असतात. नियमपत्रक कार्यालयात मिळते. ते चार पानांचे आहे आणि त्यात प्रत्येक गोष्ट एकेका ओळीत उरकली आहे. त्यामुळे अनामत रकमेतून पैसे का कापले, रद्द केल्यावर निम्मेच का परत आले, सभासदाने आरक्षण करूनही बाहेरचा दर का लावला, असे प्रश्न कार्यक्रम झाल्यावर उपस्थित होतात. हे प्रश्न आरक्षणाच्या वेळीच सुटावेत यासाठी सभागृह समितीच्या वतीने नियमांचा अर्थ इथे उलगडून सांगितला आहे. हिशेब नीट कळावा म्हणून एका कल्पित सभासदाचे उदाहरण आरंभापासून शेवटपर्यंत घेतले आहे.

आरक्षण म्हणजे नेमके काय मिळते

सभागृहात १२० खुर्च्या आहेत. त्यांतील अर्ध्या खुर्च्यांना लिहिण्यासाठी पाटी आहे. व्यासपीठ, दोन साधे आणि एक बिनतारी माइक, पडदा, व्यासपीठावरची समई आणि बाहेरचा व्हरांडा हे सर्व मूळ आकारात येते. प्रोजेक्टर, वातानुकूलन आणि खाद्यपदार्थ असतील तर जादा सफाई यांचे शुल्क वेगळे आहे.

आरक्षण केल्याने जागा भाड्याने घेतल्याचा हक्क मिळत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कार्यक्रमासाठी जागा वापरण्याची ती परवानगी असते. या फरकातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपले आरक्षण परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. ‘आमचा कार्यक्रम झाला नाही, पण तारीख हातात होती म्हणून मित्राच्या क्लासला दिली’ असे झाले, तर दारावर अर्जातला कार्यक्रम आणि प्रत्यक्षातला कार्यक्रम जुळत नाही आणि रखवालदार कुलूप उघडत नाही. दुसरी, कार्यक्रम चालू असताना संस्थेचा प्रतिनिधी सभागृहात येऊ शकतो आणि धोका दिसला तर कार्यक्रम थांबवण्यास सांगू शकतो.

सत्रे तीन आहेत : सकाळी ८ ते १, सायंकाळी ४ ते ९.३० आणि पूर्ण दिवस म्हणजे सकाळी ८ ते रात्री ९.३०. सजावट लावणे आणि उतरवणे याच वेळेत बसवायचे असते. टेंटवाल्याला ‘सकाळी सहालाच या’ असे सांगण्यापूर्वी कार्यालयात विचारावे. आदल्या सायंकाळी सभागृह रिकामे असेल तर सामान ठेवू देतात, पण ते गृहीत धरू नये.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू, गुढीपाडवा, गणेशोत्सव आणि शारदोत्सव या काळातील काही तारखा संस्थेच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्या वर्षारंभीच फलकावर लावल्या जातात.

आकार कसा ठरतो

दर तीन प्रकारचे आहेत.

- सभासदाचा घरगुती किंवा सांस्कृतिक कार्यक्रम : एक सत्र ३,००० रुपये, पूर्ण दिवस ५,००० रुपये
- इतर संस्था आणि बिगर सभासद : एक सत्र ५,००० रुपये, पूर्ण दिवस ८,००० रुपये
- तिकीट, प्रवेश शुल्क किंवा विक्री असलेला कार्यक्रम, कंपनीची बैठक, खासगी क्लास : एक सत्र ८,००० रुपये, पूर्ण दिवस १३,००० रुपये

प्रोजेक्टरचे ५०० रुपये, खाद्यपदार्थ असल्यास जादा सफाईचे ५०० रुपये आणि वातानुकूलनाचे तासाला ३०० रुपये. या सर्व रकमांवर १८ टक्के जीएसटी लागतो, कारण संस्था नोंदणीकृत आहे आणि सभागृह वापरायला देणे ही करपात्र सेवा आहे. हा पैसा संस्थेकडे राहत नाही. निम्मा केंद्राच्या आणि निम्मा राज्याच्या खात्यात जातो. म्हणून ‘सभासदाला तरी जीएसटी नको’ ही विनंती समितीला मान्य करता येत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज सभासद दराविषयी आहेत. दर ठरतो तो कार्यक्रम कोणाचा आहे यावरून. अर्जावर सही कोणाची आहे, याने तो ठरत नाही. भाच्याच्या कंपनीचे प्रशिक्षण असेल आणि अर्ज मामांनी केला असेल, तर दर तिसऱ्या प्रकारचा लागतो. मुलीच्या शिक्षिकेच्या नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम पालक म्हणून आपण ठरवत असाल आणि प्रवेशिका विकल्या जात असतील, तरीही तसेच. ओळखण्याची खूण सोपी आहे : निमंत्रणपत्रिकेवर आयोजक म्हणून कोणाचे नाव आहे आणि पावती कोणाच्या नावाने हवी आहे, ते पाहावे. ती नावे सभासदाची नसतील तर सभासद दर नाही. या सवलतीचा भार बाकीच्या सभासदांवर पडतो, कारण सभासद दरातून एका पूर्ण दिवसाची वीज, रखवालदार आणि सफाई यांचा खर्च जेमतेम भागतो. ग्रंथालय आणि मुलांचा मराठी वर्ग चालतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या दरातून आलेल्या पैशावर.

आता आपले उदाहरण. एका सभासदाला वडिलांच्या पंच्याहत्तरीनिमित्त सत्कार आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे प्रकाशन करायचे आहे. प्रवेश सर्वांना खुला आहे, विक्री नाही. त्यांना पूर्ण दिवस, प्रोजेक्टर आणि दुपारचे जेवण हवे आहे.

आरक्षणाच्या दिवशी मूळ आकार ५,००० आणि त्यावरील कर ९०० असे ५,९०० रुपये भरायचे. हे भरल्यावरच तारीख पक्की होते. फोनवर सांगितलेली तारीख तीन दिवस पेन्सिलने लिहून ठेवतात, चौथ्या दिवशी ती खोडली जाते. कार्यक्रमाच्या सात दिवस आधी प्रोजेक्टर आणि सफाईचे १,००० रुपये, त्यांवरील कर १८० रुपये आणि अनामत ५,००० रुपये, असे ६,१८० रुपये भरायचे. म्हणजे कार्यक्रमापूर्वी एकूण १२,०८० रुपये दिले जातात. वातानुकूलन किती तास चालले हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे त्याचे बिल कार्यक्रमानंतर होते.

अनामत रक्कम संस्थेची नसते

अनामत परत करायचीच असते. नियमांत ती वेगळ्या रकान्यात दाखवली आहे आणि तिची पावतीही वेगळी आहे. तिच्यावर जीएसटी लावलेला नाही, कारण ती सेवेची किंमत नाही. संस्थेने ती आकारात वळती केली तर मात्र ती किंमत ठरते आणि कर लागू होतो. ‘वातानुकूलनाचे पैसे अनामतीतूनच कापून घ्या’ ही सोयीची वाटणारी सूचना कार्यालय याच कारणाने नाकारते. वातानुकूलनाचे बिल वेगळे भरायचे आणि अनामत तिच्या कामासाठी ठेवायची.

तिचे काम एकच : जागेचे किंवा वस्तूंचे नुकसान झाले तर भरपाई करणे. नुकसान नसेल तर ती कार्यक्रमानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाते. अनामतीची मूळ पावती जपून ठेवावी. वेगळ्या व्यक्तीच्या खात्यात रक्कम मागितली तर आरक्षणकर्त्याचे सहीचे पत्र लागते.

रद्द केल्यास

रद्द करण्याची सूचना लेखी हवी. कार्यालयाच्या ई-मेलवर किंवा अर्जाने दिली तरी चालते, पण रखवालदाराला सांगणे किंवा समितीतल्या ओळखीच्या सदस्याला समारंभात भेटल्यावर सांगणे ही सूचना धरली जात नाही. सूचना मिळाली ती तारीख मोजणीत धरतात, कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत.

मूळ आकारातून कपात अशी आहे : ३० दिवस किंवा त्याहून आधी कळवल्यास १० टक्के, १५ ते २९ दिवस आधी २५ टक्के, ७ ते १४ दिवस आधी ५० टक्के आणि सात दिवसांपेक्षा कमी राहिल्यास पूर्ण आकार. अनामत आणि न वापरलेल्या सुविधांचे पैसे कोणत्याही वेळी रद्द केले तरी पूर्ण परत मिळतात.

कपात पायऱ्यापायऱ्यांची का, तर रिकामी झालेली तारीख पुन्हा भरण्याची शक्यता दिवसागणिक घटते. महिनाभर आधी कळले तर प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी ती देता येते. चार दिवसांवर आलेली तारीख कोणी घेत नाही, कारण चार दिवसांत निमंत्रणे जात नाहीत.

मात्र कपातीलाही मर्यादा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आधी ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. तिच्या आत राहून वाजवी भरपाईच मागता येते. ‘नियमात ५० टक्के लिहिले आहे’ एवढ्यावर संस्थेला दुहेरी कमाई करता येऊ नये, म्हणून नियम ११ ठेवला आहे. रद्द झालेली तारीख पुन्हा दिली गेली, तर संस्थेचे प्रत्यक्ष नुकसान आणि तक्त्यातील कपात यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच ठेवली जाते. पण मूळ आकाराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी नाही, कारण कागदपत्रे आणि लेखा यांचे काम झालेले असते.

आपल्या उदाहरणात वडिलांची तब्येत बिघडली आणि कार्यक्रमाच्या १२ दिवस आधी रद्द करण्याचा अर्ज आला. तक्त्याप्रमाणे कपात ५० टक्के, म्हणजे २,५०० रुपये. त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ४५० रुपये कर. एकूण २,९५० रुपये संस्थेकडे राहतात आणि भरलेल्या ५,९०० पैकी २,९५० परत जातात. सुविधांचे पैसे आणि अनामत अजून भरलेली नसल्याने तो प्रश्नच येत नाही.

रद्द केलेल्या रकमेवर कर कशाला, असा प्रश्न हमखास येतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने हा मुद्दा स्पष्ट केला आहे. रद्द करण्याची सोय हा मूळ सेवेचाच भाग मानला जातो, त्यामुळे तिच्या शुल्काला मूळ सेवेचाच दर लागतो. परत केलेल्या रकमेवरचा कर मात्र परत मिळतो. त्यासाठी संस्था परताव्याचे व्हाउचर देते.

पुढे असे झाले की त्याच दिवसाचे सायंकाळचे सत्र दुसऱ्या सभासदाने ३,००० रुपयांना घेतले. संस्थेला ५,००० मिळायचे होते, ३,००० मिळाले. प्रत्यक्ष नुकसान २,००० रुपये झाले आणि ते २,५०० पेक्षा कमी आहे. म्हणून कपात २,००० आणि कर ३६०, असे २,३६० रुपये ठेवून ३,५४० रुपये परत करायचे. आधी २,९५० परत गेले असतील तर उरलेले ५९० रुपये नंतर जातात. हे आपोआप व्हायला हवे. तरीही तारीख पुन्हा गेल्याचे फलकावर दिसले, तर सभासदाने कार्यालयाला आठवण करून द्यावी.

तीन गोष्टी या तक्त्याबाहेर आहेत. पहिली, तारीख बदलणे. १५ दिवस आधी कळवून ९० दिवसांच्या आतली दुसरी मोकळी तारीख घेतली, तर एकदा काही कपात होत नाही. वरच्या उदाहरणातील सभासदाला तीन दिवस आधी निर्णय घेता आला असता, तर हा मार्ग मोकळा होता. आजारपणामुळे कार्यक्रम डळमळीत वाटत असेल तर १५ दिवसांची रेषा लक्षात ठेवावी.

दुसरी, घरातील मृत्यू. आरक्षणकर्त्याच्या घरी सुतक आल्यास कोणत्याही दिवशी कळवले तरी पूर्ण रक्कम परत दिली जाते किंवा तारीख बदलून दिली जाते. यासाठी दाखला लगेच मागत नाहीत, महिन्याभरात दिला तरी चालतो.

तिसरी, संस्थेकडून किंवा शासनाकडून झालेली अडचण. संचारबंदी लागली, इमारतीत पाणी शिरले किंवा निवडणुकीसाठी जागा ताब्यात घेतली गेली, तर करासह सर्व रक्कम परत मिळते. मतदान केंद्रासाठी जागा ताब्यात घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० ने शासनाला दिला आहे. त्यापुढे संस्थेचे काही चालत नाही. मात्र छापलेल्या पत्रिका, आचाऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम, टेंटवाल्याची इसार यांची भरपाई संस्था देत नाही. निवडणुकीच्या हंगामात कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी केटररशी बोलताना ही शक्यता धरून ठेवावी.

नुकसान : काय आपले, काय संस्थेचे

कार्यक्रमाआधी आणि नंतर तपासणी पत्रक भरले जाते. त्यावर खुर्च्या, पाट्या, माइक, पडदा, व्यासपीठावरचा गालिचा, स्वच्छतागृहातील नळ, विजेचे सॉकेट यांची यादी आहे. दोन्ही वेळा आरक्षणकर्त्याचा एक माणूस आणि संस्थेचा एक माणूस यांनी एकत्र फिरून सह्या करायच्या. कार्यक्रमाआधीची सही पाच मिनिटे वाचवण्यासाठी टाळली जाते आणि वाद तिथूनच सुरू होतात. आधीच तुटलेली पाटी पत्रकावर नोंदवली नसेल, तर ती आपल्या कार्यक्रमात तुटली नाही हे नंतर दाखवता येत नाही. फोनवर चार फोटो काढून ठेवावेत : गालिचा, पडदा, पहिल्या दोन रांगा आणि सॉकेटची भिंत.

जबाबदारी अर्जावर सही करणाऱ्याची असते. सजावटवाल्याच्या माणसाने भिंतीत खिळा ठोकला किंवा पाहुण्यांच्या मुलाने खुर्ची मोडली, तरी संस्था भरपाई आरक्षणकर्त्याकडेच मागते. त्याने ती पुढे कोणाकडून घ्यायची हा त्याचा प्रश्न. म्हणून केटरर आणि टेंटवाल्याशी ठरवतानाच नुकसानीची बाब बोलून घ्यावी.

वापराने होणारी झीज भरपाईत येत नाही. जुना दिवा उडाला, खुर्चीचा स्क्रू ढिला झाला, पडद्याची दोरी विरली, तर तो संस्थेचा खर्च. दुरुस्त होण्यासारखे नुकसान असेल तर दुरुस्तीचे प्रत्यक्ष बिल घेतले जाते. दुरुस्त होणार नसेल तर वस्तूची आजची किंमत घेऊन तिचे सरलेले आयुष्य वजा केले जाते. नव्याची पूर्ण किंमत मागितली जात नाही, कारण आपण मोडली ती वस्तू नवी नव्हती.

समजा, आपल्या सभासदाचा कार्यक्रम रद्द न होता पार पडला. नंतरच्या तपासणीत तीन गोष्टी निघाल्या. एका खुर्चीची पाटी बिजागरातून निखळली होती, तिच्या दुरुस्तीचे बिल ४५० रुपये. व्यासपीठावरच्या गालिच्यावर समईचे तेल सांडले होते, त्याच्या धुलाईचे ८०० रुपये. बिनतारी माइक हातातून पडून निकामी झाला. तसा माइक आज ६,००० रुपयांना मिळतो. त्याचे आयुष्य नियमात सहा वर्षे धरले आहे आणि तो चार वर्षे वापरला गेला होता. उरली दोन वर्षे, म्हणजे किमतीचा एकतृतीयांश : २,००० रुपये. एकूण नुकसान ३,२५० रुपये. ही भरपाई आहे, सेवा नाही, म्हणून तिच्यावर जीएसटी नाही. ५,००० च्या अनामतीतून १,७५० रुपये बिलांच्या प्रतींसह परत जातात. वातानुकूलन सहा तास चालले होते, त्याचे १,८०० रुपये आणि कर ३२४ असे २,१२४ रुपये वेगळ्या पावतीने घेतले जातात.

अनामत ही भरपाईची मर्यादा नाही. नुकसान तिच्यापेक्षा मोठे असेल, तर उरलेली रक्कम पंधरा दिवसांत भरायची असते. हिशेब मान्य नसेल तर सात दिवसांत लेखी आक्षेप घ्यावा. तो पाहणाऱ्या तिघांत ज्यांनी तपासणी केली ते नसतात. आक्षेप घेतलेलीच रक्कम अडकून राहते, बाकीची ठरल्या मुदतीत परत जाते.

तीन नुकसाने पुन्हा पुन्हा होतात

पहिले हळदीचे. गालिच्यावर आणि खुर्च्यांच्या कापडावर पडलेला हळदीचा डाग पाण्याने पुसला की पसरतो आणि साबण लागला की तांबूस होतो. म्हणून हळदीकुंकू व्हरांड्यातल्या फरशीवर करावे, सभागृहात नाही. सांडलेच तर कोरड्या कागदाने उचलून घ्यावे आणि कार्यालयाला सांगावे. घासू नये.

दुसरे समईचे. दीपप्रज्वलन सभागृहात करता येते. समईखाली परात ठेवायची, तेल अर्ध्याहून जास्त भरायचे नाही आणि पंख्याच्या झोतात ठेवायची नाही. प्रज्वलनानंतर एका माणसाने तिच्याकडे लक्ष ठेवायचे. कापूर, उदबत्तीचा जुडगा आणि धूप सभागृहात चालत नाहीत, कारण छतावरचे धूरसूचक वाजतात.

तिसरे चहाच्या इलेक्ट्रिक भांड्याचे. भिंतीतले लहान सॉकेट ६ अँपिअरचे आहेत. २३० व्होल्टला ते सुमारे १,३८० वॉट पेलतात. केटररचे चहाचे मोठे भांडे २,००० वॉटचे असते. ते लहान सॉकेटला अडॅप्टरने जोडले की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग सॉकेटभोवती तपकिरी कडे दिसते. तोपर्यंत आतली तार जळलेली असते. १६ अँपिअरचे दोन मोठे सॉकेट व्हरांड्यात आहेत आणि भांडे तिथेच लावायचे. वास आल्यास बटण बंद करून रखवालदाराला बोलवावे, हात लावून पाहू नये.

सभागृहातील वर्तन

आसनक्षमता १२० आहे आणि उभे राहून बघणाऱ्यांची संख्या त्यात धरलेली नाही, कारण उभे राहण्याची परवानगीच नाही. मधली वाट आणि मागचे दार मोकळे ठेवायचे. सतरंजी अंथरून जादा माणसे बसवली की धावपळीच्या वेळी पहिल्यांदा तीच वाट अडते.

रात्री ९.३० ला ध्वनिवर्धक बंद आणि १० पर्यंत सभागृह रिकामे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. बंद सभागृहात, आतल्या आत संवादासाठी त्याला अपवाद आहे, म्हणून काही जण वेळ वाढवून मागतात. पण दारे उघडी असतील किंवा लोक व्हरांड्यात उभे असतील, तर ती जागा बंद राहत नाही. आपल्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि निवांत बोलणेही त्याच्या वर जाते. परीक्षांच्या काळात कलेक्टरांचा वेगळा आदेश निघाला तर वेळ आणखी अलीकडे येते आणि तो आदेश फलकावर लावला जातो.

सभागृहात स्वयंपाक करता येत नाही, बाहेरून आणलेले जेवण व्हरांड्यात वाढता येते. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तू, म्हणजे प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्माकोल, आवारात आणू नयेत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच यादीत आहे. कापडी फलक घ्यावा. कचरा नगर निगमाच्या गाडीत वर्गवारी करूनच घेतला जातो, त्यामुळे पत्रावळी आणि उष्टे अन्न एका डब्यात, कागद आणि बाटल्या दुसऱ्या डब्यात टाकायचे. मिसळलेला कचरा गाडी घेत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या सत्राला तो दारात असतो.

भिंतीला खिळे, दुहेरी चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये. फलकासाठी हुकांची पट्टी आहे. मद्य, जुगार, राजकीय पक्षांच्या सभा आणि कोणत्याही समाजाविरुद्धचे कार्यक्रम यांना जागा मिळत नाही. तिकीट लावलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी स्वामित्वहक्काचा परवाना घेणे आयोजकाचे काम आहे.

वर्तनाचा नियम मोडल्यास पहिल्यांदा तोंडी सूचना, त्याच कार्यक्रमात पुन्हा तसे झाल्यास कार्यक्रम बंद. तसे बंद केल्यास आकार परत मिळत नाही. अनामत मात्र तरीही नुकसानापुरतीच कापली जाते. तिचा दंड म्हणून वापर होत नाही.

अर्ज करताना जवळ ठेवा

आयोजकाचे नाव आणि सभासद क्रमांक, कार्यक्रमाचे स्वरूप, अंदाजे उपस्थिती, तिकीट किंवा विक्री आहे का, जेवण आहे का, ज्या खात्यात परतावा हवा त्याचा तपशील आणि कार्यक्रमाच्या दिवशी तपासणीला येणाऱ्या माणसाचे नाव. हे सात तपशील भरले की अर्ज एका भेटीत पूर्ण होतो. तारीख मोकळी आहे का, हे कार्यालयात सकाळी १० ते १ या वेळात पाहता येते.